हाइट, डायमीटर आणि बॅलन्स एकाच फेरीत: ही कल्पना आली कुठून

बायनरी ट्रीची हाइट, डायमीटर आणि बॅलन्स हे तीन प्रश्न आपण एकाच चॅप्टरमध्ये शिकतो म्हणून ते एकाच घरातले वाटतात, पण तसं नाहीये. डायमीटर म्हणजे झाडातल्या सगळ्यात लांब वाटेची लांबी, आणि ही गणितवाल्यांची जुनी गोष्ट. 1869 मध्ये कामिय जॉर्दाँने दाखवलं की कुठल्याही झाडाला एक किंवा दोनच केंद्रं असतात, आणि ती त्या सगळ्यात लांब वाटेच्या बरोबर मधे सापडतात. तेव्हा कॉम्प्युटरचा पत्ताही नव्हता.

बॅलन्स आला 1962 मध्ये मॉस्कोहून. आडेलसन-वेल्स्की आणि लांडिस या दोघांनी नियम ठरवला की प्रत्येक नोडच्या डाव्या-उजव्या हाइटमधला फरक 1 पेक्षा जास्त नको. दोघांच्या आडनावांवरूनच एव्हीएल ट्री हे नाव पडलं. नियम साधा वाटतो पण त्याची ताकद बघा, 10 लाख नोड असले तरी झाड 28 लेव्हलपेक्षा खोल जाऊच शकत नाही. आणि एव्हीएलमध्ये हाइट दरवेळी नव्याने मोजत नाहीत, फरक नोडमध्येच लिहून ठेवतात, डावं जड, उजवं जड की समसमान, बस. माझ्या मते एका फेरीची सगळी गोष्ट इथेच लपलीये, की पोराने एकदा मोजलेलं आईबापाने परत मोजायचं नाही.

आता आपण पहिल्यांदा डायमीटर लिहितो तेव्हा काय करतो, प्रत्येक नोडवर जाऊन डावीकडची हाइट काढ, उजवीकडची काढ, बेरीज कर, मग खालच्या नोडवर जाऊन हेच परत. 1000 नोडची सरळ साखळी घेतली तर वरचा नोड सगळे 1000 चाळतो, त्याच्या खालचा 999, असं करत एकूण 5,00,500 भेटी होतात, आणि एका फेरीत हेच काम 1000 भेटींत होतं. बॅलन्सची गंमत वेगळी, तिथे वरूनच तपासलं तर त्याच साखळीत पहिल्याच नोडवर "नाही" म्हणून सुटता येतं, त्यामुळे साखळीवर टेस्ट करून कोड फास्ट आहे असं वाटतं. डायमीटरला अशी पळवाट नाही, म्हणून मंद कोड पकडायचा तर डायमीटरवरच पकडा.

यावरचा उपाय पद्धत म्हणून मांडला बर्स्टल आणि डार्लिंग्टनने, 1977 च्या पेपरमध्ये. फिबोनाचीत लागोपाठच्या दोन किमती वेगवेगळ्या मागण्यापेक्षा जोडीनेच परत द्या, मग तेच तेच मोजणं आपोआप थांबतं, आणि या युक्तीला पुढे टपलिंग म्हणायला लागले. आपल्या झाडाला ती लावली की जोडीऐवजी तिघांची टोळी वर येते:

```python
def f(n):
    if n is None:
        return 0, 0, True
    lh, ld, lb = f(n.left)
    rh, rd, rb = f(n.right)
    return (1 + max(lh, rh),
            max(ld, rd, lh + rh),
            lb and rb and abs(lh - rh) <= 1)
```

हातानेच करून बघू. रूट 1, त्याची पोरं 2 आणि 3, आणि 3 ला पुढे काही नाही. 2 ची पोरं 4 आणि 5. 4 खाली 6, 6 खाली 7, तसंच 5 खाली 8 आणि 8 खाली 9. नोड 4 वरून येतं हाइट 3, डायमीटर 2, बॅलन्स नाही, कारण एका बाजूला 2 आणि दुसरीकडे 0. 5 वरूनही तेच. 2 वर हाइट 4 आणि डायमीटर 3+3 म्हणजे 6. रूटवर मात्र 4+1 म्हणजे 5 च होतात, म्हणून 2 कडून आलेला 6 वर टिकतो. सगळ्यात लांब वाट रूटला शिवतच नाही, आणि `ld`, `rd` वर न्यायचे विसरलात तर उत्तर 5 येतं.

इथे हाइट नोडमध्ये मोजलीये आणि डायमीटर दोन नोडना जोडणाऱ्या काड्यांमध्ये, म्हणून रिकाम्याला 0. काही पुस्तकांत हाइटही काड्यांमध्ये मोजतात, मग रिकाम्याला -1 आणि डायमीटरला `lh + rh + 2`. दोन्हींची सरमिसळ झाली की उत्तर एक-दोनने चुकतं, ते दोन नोडचं झाड देऊन लगेच कळतं, डायमीटर 1 च यायला हवा.

आणि ती फेमस ट्रिक, बॅलन्स बिघडला की हाइटच्या जागी -1 परत द्यायचा, ती फक्त बॅलन्सपुरती छान आहे. डायमीटरही हवा असेल तर ती वापरू नका, कारण वरच्या झाडात 4 वरच -1 आला की त्याची खरी हाइट 3 हरवली आणि 2 वरचा 6 कधी सापडणारच नाही, शिवाय काड्यांच्या हिशोबात -1 म्हणजे रिकामं झाड, तिथे तर अर्थच बदलतो.