वळताना मळमळतं की चालताना?

घाटात ज्याला गाडी लागते, त्याचे डोळे बहुतेक वेळा मोबाइलवर किंवा समोरच्या सीटवर असतात. डोळ्यांना सगळं स्थिर दिसत असतं, आतल्या कानाला मात्र प्रत्येक वळण जाणवत असतं. फर्स्ट-पर्सन व्हिडिओ गेम खेळताना याच्या बरोबर उलट होतं. पात्राच्या डोळ्यांतून आपण जग बघतो, त्यामुळे डोळे सांगतात की आपण धावतोय, वळतोय, उडी मारतोय. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना डोकं वळल्याचं कळतं आणि ओटोलिथ नावाच्या बारीक खड्यांमुळे वेग बदलल्याचं कळतं, पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत या दोघांकडेही सांगण्यासारखं काहीच नसतं. मेंदूकडे दोन उलटसुलट बातम्या येतात आणि काही जणांना त्याचा परिणाम घाम, जड डोकं, तोंडाला सुटणारं पाणी आणि मळमळ असा भोगावा लागतो. त्यासाठी व्हीआर हेडसेट लागत नाही, टेबलावरचा साधा सपाट मॉनिटर पुरतो.

असा त्रास होणाऱ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: FOV, म्हणजे दृश्याचा कोन, वाढव आणि हेड-बॉब, म्हणजे पावलांबरोबर दृश्याचं झुलणं, बंद कर. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. ही दोन सेटिंग वेगवेगळ्या त्रासांवर चालतात, आणि आपला त्रास कोणता ते आधी पाहिलं नाही तर माणूस चुकीचा स्लायडर ओढत बसतो. शेवटी ‘हे खेळ आपल्यासाठी नाहीतच’ म्हणून तो नाद सोडून देतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्रास वळताना होतो की चालताना, एवढं पाहिलं तरी बरंचसं निदान होतं.

माझ्या बहिणीचंच उदाहरण घेऊ. भाच्याबरोबर ती माइनक्राफ्ट खेळायला बसली की थोड्याच वेळात उठून खिडकीपाशी जायची. २४ इंची मॉनिटर, ती त्याच्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर. मी तिला म्हटलं, ‘ताई, आधी चालूच नकोस. जागेवर उभी राहा आणि माउसने नुसती आजूबाजूला बघ.’ तिने सावकाश एक पूर्ण फेरी घेतली आणि म्हणाली, ‘मधलं ठीक आहे रे, पण झाडं कडेला गेली की लांबुळकी होतात आणि सपकन निघून जातात.’ म्हणजे एक त्रास वळण्यातलाच होता. सेटिंग उघडून पाहिलं तर FOV ९० वर.

FOV म्हणजे खेळातला कॅमेरा किती अंशांचं जग एका वेळी दाखवतो तो कोन. मॉनिटरची रुंदी ठरलेली असते, तेव्हा कोन लहान ठेवला की थोडंसं जग मोठं होऊन दिसतं आणि कोन मोठा केला की पुष्कळ जग दाटीवाटीने बसतं. मळमळीशी याचा संबंध असा आहे. २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. आडवा कोन ६० अंश असेल आणि तुम्ही ३० अंश वळलात, तर पडद्याच्या मधोमध असलेलं दार थेट कडेपर्यंत, म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटर सरकतं. आडवा कोन ९० अंश असेल तर तेच दार तेवढ्याच वळणाला जेमतेम १५ सेंटिमीटर सरकतं. माउस तेवढाच हलला, पण अरुंद कोनात डोळ्यांसमोरून जास्त चित्र वाहून गेलं. शिवाय अरुंद कोनात आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून माणूस सारखा वळत राहतो.

मग कोन हवा तेवढा मोठा का करू नये? कारण सपाट पडद्यावर रुंद दृश्य मांडताना कडेची चित्रं ताणली जातात. आडवा कोन ९० अंश असेल तर अगदी कडेच्या वस्तू मधल्या वस्तूंच्या तुलनेत आडव्या दिशेने दुप्पट ताणलेल्या दिसतात. १२० च्या आसपास हा ताण चौपट होतो, आणि वळताना कडेचं चित्र धावतंही तितक्याच पट वेगाने. आपण स्वतःच हलतोय हा भास व्हायला डोळ्यांच्या कडेला दिसणारी हालचाल फार हातभार लावते, त्यामुळे फार रुंद कोनही पोटात ढवळायला लावू शकतो. ताईची लांबुळकी झाडं ती हीच.

पण तिचा आकडा तर ९० होता, १२० नव्हे. इथे एक खाचखळगा आहे, त्यात बरेच जण अडखळतात. काही खेळ हा कोन आडवा मोजतात, काही उभा. माइनक्राफ्ट उभा मोजतं. त्यातला नेहमीचा ७० हा आकडा १६:९ पडद्यावर सुमारे १०२ अंश आडवा होतो, आणि ९० केला की आडवा कोन १२१ वर जातो. भाच्याने मित्राच्या नेमबाजीच्या खेळातला आकडा जसाच्या तसा इथे घातला होता. त्या खेळात ९० आडवा असेल, तर माइनक्राफ्टच्या मापाने तो जेमतेम ५९ भरतो. म्हणून दुसऱ्याचा आकडा घेण्याआधी तो उभा आहे की आडवा, हे बघून घ्यावं. सेटिंगमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर स्लायडर हलवून कडेच्या वस्तू किती ताणल्या जातात ते पाहावं. डोळा चटकन सांगतो. आम्ही ताईचा FOV पुन्हा ७० केला आणि जागेवरची फेरी तिला सुसह्य झाली.

योग्य आकडा कोणता, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, कारण तो पडदा किती जवळ आहे यावरही अवलंबून असतो. ताईच्या डोळ्यापासून मॉनिटरच्या दोन कडांपर्यंत रेषा ओढल्या तर त्यांच्यातला कोन सुमारे ४८ अंश भरतो. दिवाणखान्यात अडीच मीटरवरून पाहिलेल्या ४३ इंची टीव्हीचा हाच कोन २२ अंशांच्या आसपास असतो. कन्सोलचे खेळ लांबून टीव्हीवर खेळले जातील असं धरून अनेकदा अरुंद कोनाने बनवले जातात. तोच खेळ त्याच कोनाने टेबलावरच्या मॉनिटरवर आला की वाढवलेलं, वेगाने सरकणारं चित्र थेट नाकासमोर येतं. म्हणून पडदा जितका जवळ, तितका कोन थोडा जास्त हवा. स्लायडरच नसलेल्या खेळात उलट उपाय करावा: खुर्ची मागे घ्यावी आणि खोलीतला दिवा लावावा. पडद्याभोवतीची न हलणारी भिंत नजरेत राहिली की हलण्याचा भास कमी होतो.

आता चालण्याकडे येऊ. ताईला मी एका लांब दगडी भिंतीलगत सरळ चालायला सांगितलं, माउसला हात न लावता. वळणं नव्हती, तरी काही पावलांतच तिने तोंड फिरवलं. पडद्यावर बघा: मधलं अधिक चिन्ह जागचं हलत नाही, पण त्याच्यामागे भिंतीतल्या दगडांच्या ओळी प्रत्येक पावलागणिक खाली-वर आणि डावी-उजवी झुलतात, आणि पात्राचा हात वेगळ्याच तालात हलतो. हाच हेड-बॉब. चालणाऱ्या माणसाचं डोकं खाली-वर होतं, म्हणून कॅमेराही करावा, असा त्यामागचा विचार.

तो विचार चुकतो कुठे, हे आत्ताच करून बघता येईल. मोबाइल स्थिर धरा आणि डोकं भराभर ‘नाही, नाही’ असं हलवत हीच ओळ वाचा. अक्षरं बऱ्यापैकी वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवा आणि त्याच वेगाने मोबाइल हलवा. अक्षरं पुसट होतात. डोकं हललं की आतला कान सुमारे १० मिलिसेकंदांत डोळ्यांच्या स्नायूंना हुकूम देतो आणि डोळे तितकेच उलट्या दिशेने फिरतात. म्हणून रस्त्यावरून चालताना आपल्याला जग झुलताना दिसत नाही, जरी डोकं सारखं हलत असलं तरी. हेड-बॉबमध्ये डोकं हललेलंच नसतं, त्यामुळे तो हुकूम सुटत नाही आणि सगळं झुलणं थेट डोळ्यांवर येऊन आदळतं. खऱ्या चालण्यात जे कधी दिसत नाही, तेच खरेपणाच्या नावाखाली दाखवलं जातं. माझ्या मते ही सोय मुळातच बंद असायला हवी, आणि ज्याला आवडते त्याने ती चालू करावी.

माइनक्राफ्टमध्ये या सेटिंगचं नाव View Bobbing. ते OFF केल्यावर भिंतीलगतचं चालणं ताईला जमलं. पण धावायला लागल्याबरोबर पुन्हा तेच. धावताना हा खेळ वेगाचा भास द्यायला कोन आपोआप रुंद करतो आणि थांबलं की परत अरुंद करतो, त्यामुळे माणूस जागच्या जागी मागेपुढे ओढला गेल्यासारखं वाटतं. FOV ७० वर ठेवूनही तो सतत बदलत होता. यासाठी FOV Effects नावाचा वेगळा स्लायडर आहे, तो खाली शून्याकडे आणावा लागतो.

जुन्या खेळांत स्लायडर नसतात, पण बऱ्याचदा आदेश टाइप करायची खिडकी असते, तिलाही कन्सोलच म्हणतात. १९९६ च्या क्वेकमध्ये दोन गोष्टी बंद कराव्या लागतात: पावलांबरोबरचं झुलणं, आणि बाजूला सरकताना दृश्य जे तिरकं कलतं ते.

```
cl_bob 0
cl_rollangle 0
```

मूळ क्वेक ही मूल्यं स्वतःहून लक्षात ठेवत नाही, म्हणून त्या ओळी id1 फोल्डरमधल्या autoexec.cfg या फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात.

या सगळ्या तपासणीत एक पथ्य पाळावं लागतं. मळमळ सुरू झाल्यावर केलेली चाचणी फुकट जाते. खेळ थांबवला तरी त्रास बराच वेळ रेंगाळतो, आणि त्या अवस्थेत कोणतंही सेटिंग वाईटच वाटतं. तोंडाला पाणी सुटलं किंवा जांभया येऊ लागल्या की थांबायचं, पूर्ण बरं वाटू द्यायचं आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. जागेवर फेरी, मग सरळ चाल, मग धावणं, असा क्रम ठेवला की कुठे बिघडतं ते लपत नाही. फेरीच अडखळत, धक्के खात होत असेल तर दोष कोनाचा नसून संगणकाला चित्रं पुरेशा वेगाने काढता येत नसतात. तेव्हा आधी ग्राफिक्सचा दर्जा कमी करावा आणि हलतं चित्र मुद्दाम पुसट करणारा मोशन ब्लर बंद करावा. पडद्यासमोर नसतानाही गरगरत असेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

काही त्रास मात्र कुठल्याच सेटिंगच्या हातात नसतो. कथेच्या प्रसंगांत अनेक खेळ कॅमेरा आपल्या ताब्यात घेतात: पात्र पडतं, कोणी त्याला ओढत नेतं, दृश्य गर्रकन फिरतं. स्वतः माउस हलवताना पुढे काय दिसणार याचा मेंदूला अंदाज असतो. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, तीही याच कारणाने. इथे तो अंदाजच काढून घेतला जातो. अशा वेळी नजर पडद्याच्या चौकटीवर किंवा मागच्या भिंतीवर न्यावी आणि संवाद नुसते ऐकावेत.