पान सापडले नाही: खरे ४०४ आणि सॉफ्ट ४०४

कोल्हापुरात महाद्वार रोडवर दुकान असलेल्या एका चप्पल व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर चुकीचा पत्ता टाकला की एक नेटके पान उघडत असे. टॅबवर 'पान सापडले नाही' असे टायटल, खाली दुकानाचे चिन्ह आणि कापशी, कुरुंदवाडी या प्रकारांकडे नेणारे दुवे असा सगळा सरंजाम होता. मालकांनी ते पान हौसेने करून घेतले होते. तरीही गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'Soft 404' या नोंदीखाली आठवड्यागणिक नवे पत्ते जमा होत होते, आणि "पान तर आहे, मग तक्रार कसली?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

याचे कारण असे की पान न सापडल्याचा निरोप सर्व्हर दोन ठिकाणी देतो. पानावरचा मजकूर आणि टायटल माणसासाठी असतात, तर त्याआधी जाणारा तीन अंकी स्टेटस कोड पाने वाचत फिरणाऱ्या गूगलबॉटसारख्या क्रॉलरसाठी असतो. खऱ्या त्रुटी-पानात हा कोड ४०४ असतो, मग टायटल साधे असो वा सजवलेले. तो अंक मिळाल्यावर गूगलबॉट पानाचा मजकूर विचारात घेत नाही आणि त्या पत्त्यावरच्या फेऱ्या हळूहळू कमी करतो. सॉफ्ट ४०४ मध्ये तेच टायटल आणि तोच मजकूर असतो, पण कोड २०० म्हणजे 'सर्व ठीक' असा जातो. गूगलला मग मजकूर वाचून, हे पान नावालाच पान आहे, असा अंदाज बांधावा लागतो. असे पान शोधनिकालांतून वगळले गेले, तरी त्यावरच्या फेऱ्या चालूच राहतात.

डोळ्यांना दोन्ही पाने अगदी सारखी दिसतात, म्हणून ब्राउझर उघडून निर्णय करता येत नाही. मुद्दाम अस्तित्वात नसलेला पत्ता देऊन टर्मिनलवर पाहिले, तेव्हा उत्तर असे आले (पत्ता येथे नमुन्याचा दिला आहे):

```
curl -IL https://example.com/nahi-ch-he-paan

HTTP/1.1 302 Found
Location: https://example.com/404.html

HTTP/1.1 200 OK
```

दोष `.htaccess` मधील एका ओळीत होता. अपाचे सर्व्हरला त्रुटी-पानाचा पत्ता `https://` पासून पूर्ण लिहून दिला, तर ते पान त्याच सर्व्हरवर असले तरी तो पाहुण्याला त्या पत्त्याकडे पाठवून देतो. मूळ ४०४ वाटेतच गळतो आणि शेवटी २०० उरतो. पत्ता तिरप्या रेघेपासून लिहिला की प्रश्न सुटतो:

```
ErrorDocument 404 /404.html
```

एवढ्याने निम्मे काम झाले. खरा भार गाळण्यांचा, म्हणजे फिल्टरांचा होता. सहा प्रकार, दहा मापे आणि आठ रंग धरले तर ४८० पत्ते होतात. त्यांत किमतीचे पाच गट जोडले की २,४००. यांपैकी बहुतेक ठिकाणी एकही चप्पल नव्हती. पान मात्र 'या निवडीत माल नाही' असे सांगत २०० देत होते. अशा रिकाम्या निवडीला सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या प्रोग्रामनेच ४०४ द्यावा लागतो, कारण `ErrorDocument` तेथपर्यंत पोहोचतच नाही. सगळे चुकीचे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही, कारण गूगल अशा वळणांनाही बहुधा सॉफ्ट ४०४ च मानते आणि ग्राहक मात्र गोंधळतो.

येथे एक मर्यादा सांगायला हवी. क्रॉलरच्या फेऱ्यांचे नियोजन हा विषय गूगल स्वतः मुख्यतः दहा लाखांहून अधिक पानांच्या, किंवा रोज बदलणाऱ्या दहा हजारांहून अधिक पानांच्या संकेतस्थळांसाठी मांडते. शे-दोनशे पानांच्या दुकानाने याची धास्ती घेऊ नये. मात्र प्रत्येक नवा फिल्टर आधीच्या संख्येला गुणत जातो, त्यामुळे वाढत्या दुकानाला ही दुरुस्ती लवकर केलेली स्वस्त पडते.

मग टायटलला अर्थच नाही का? आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. ४०४ पानाला ठरावीक टायटल दिले, तर अॅनालिटिक्समध्ये त्या टायटलावरून गाळून लोक कोणत्या पत्त्यांवर अडखळले हे दिसते आणि तुटलेले दुवे सापडतात. याच टायटलाची उलटी बाजूही या दुकानात दिसली. आठ नंबरची कापशी तात्पुरती संपल्यावर कोणीतरी तिच्या पानाचे टायटल 'उपलब्ध नाही' असे केले होते, वर्णनही काढून टाकले होते, आणि ते जिवंत पान सॉफ्ट ४०४ च्या यादीत गेले होते. टायटलमध्ये चपलेचे नाव परत घातले, वर्णन पुन्हा लावले आणि माल संपल्याची सूचना किमतीशेजारी छोट्या अक्षरांत नेली. त्यानंतर त्या पत्त्याची सर्च कन्सोलमध्ये नव्याने तपासणी मागवली.