डिस्क १०० टक्के, पण भरलेली नव्हे

माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप सुरू केल्यावर ब्राउझर उघडेपर्यंत सहा मिनिटे जात असत. कोणीतरी तिला टास्क मॅनेजर पाहायला सांगितले. तिथे Disk या रकान्यात गडद रंगात १०० टक्के हा आकडा दिसला आणि डिस्क काठोकाठ भरली आहे असे समजून तिने मुलाच्या बारशापासूनचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर हलवले आणि लॅपटॉपवरून पुसून टाकले. चाळीस जीबी जागा मोकळी झाली, पण आकडा १०० टक्क्यांवरून हलला नाही.

हा गैरसमज मी इतक्या घरांत पाहिला आहे की त्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. टास्क मॅनेजरमधील तो आकडा जागेचा नसून वेळेचा आहे. गेल्या क्षणभरात डिस्क किती वेळ कामात गुंतलेली होती, एवढेच तो सांगतो. जागा पाहायची असेल तर This PC उघडून C: या ड्राइव्हखालची पट्टी पाहावी. ती अगदी संपत आली असेल तर अपडेट अडतात आणि कामही मंदावते, म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवणे बरे. बहिणीच्या डिस्कवर मात्र आधीही अर्धी जागा रिकामीच होती.

Ctrl + Shift + Esc या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील Performance या पानावर Disk निवडल्यावर तिच्या लॅपटॉपवर दिसले ते असे: Active time १०० टक्के, Read speed सेकंदाला १.४ एमबी आणि Average response time ९०० मिलिसेकंद. हीच डिस्क एखादा मोठा सलग व्हिडिओ वाचताना सेकंदाला सुमारे १०० एमबी सहज देते. मग पूर्णवेळ राबूनही ती दीड एमबीच का देत होती, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे.

त्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. ती मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. वाचणारे टोक आधी तबकडीवरच्या योग्य वर्तुळापर्यंत सरकावे लागते, त्यात सरासरी १२ मिलिसेकंद जातात. मग हवा तो भाग फिरत टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते, त्यात सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. प्रत्यक्ष वाचन त्यामानाने क्षणात उरकते. अशा प्रकारे विखुरलेला एक तुकडा आणायला साधारण साडेसतरा मिलिसेकंद लागतात आणि एका सेकंदात जेमतेम ५७ तुकडे हाती येतात. वाण्याच्या दुकानात एकाच गिऱ्हाइकाने तांदळाचे पोते मागितले तर ते एका खेपेत निघते, पण पन्नास जणांनी वेगवेगळ्या बरण्यांतून चिमूट-चिमूट जिरे, ओवा, हिंग मागितले तर वाणी दिवसभर धावतो आणि विक्री मात्र पोत्याइतकीही होत नाही.

आता ते ९०० मिलिसेकंद उलगडतात. एका तुकड्याला साडेसतरा मिलिसेकंद लागत असतील आणि मागणी पूर्ण व्हायला ९०० लागत असतील, तर ९०० भागिले साडेसतरा, म्हणजे प्रत्येक मागणीच्या वेळी सुमारे पन्नास मागण्या रांगेत होत्या. आपण ब्राउझरवर टिचकी मारतो तेव्हा आपली मागणीही याच रांगेच्या शेपटाला उभी राहते. टास्क मॅनेजर वाचताना मी टक्क्यांच्या आधी हा आकडा पाहतो, कारण रांगेची खरी लांबी त्यातूनच कळते.

ही रांग लावणारे कोण, ते Startup या पानावर दिसते; विंडोज ११ मध्ये त्याचे नाव Startup apps आहे. लॅपटॉप सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम इथे मांडलेले असतात. बहिणीकडे असे चौदा होते. प्रत्येकाला आपल्या फाइली, फॉन्ट आणि नोंदी मिळून तीनशे विखुरलेले तुकडे लागतात असे धरले, तर एकूण ४२०० तुकडे होतात आणि सेकंदाला ५७ या वेगाने केवळ त्यांनाच सव्वा मिनिट लागते. विंडोजचे स्वतःचे वाचन त्याच वेळी चालू असते ते निराळेच.

या पानावरचा Startup impact हा रकाना पुरेसा नाही. तीन एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन करणाऱ्या प्रत्येकाला तो High म्हणतो, त्यामुळे चार एमबीवाला आणि नव्वद एमबीवाला एकाच मापाने मोजले जातात. रकान्यांच्या शीर्षकावर उजवी टिचकी मारून Disk I/O at startup हा रकाना जोडावा आणि त्याच्या क्रमाने यादी लावावी. बहिणीच्या यादीत सर्वांत वर लॅपटॉप वेगवान करून देण्याचे आश्वासन देणारा एक फुकट ‘क्लीनर’ होता. अशा साधनांवर विश्वास ठेवू नये. ती स्वतःच रांगेत घुसतात. डेस्कटॉपवर वारंवार रिफ्रेश करण्यानेही काही होत नाही, त्याने पडद्यावरची चित्रे फक्त पुन्हा काढली जातात.

क्लीनर आम्ही काढून टाकला. व्हिडिओ कॉल, गाणी, गेम, प्रिंटरचा मदतनीस अशा आणखी सात नोंदींवर उजवी टिचकी मारून Disable केले. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, हवा तेव्हा आपण उघडू शकतो. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाच्या नोंदी तशाच ठेवल्या. नंतर Restart करून वेळ मोजली. Shut down करून नव्हे, कारण विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत Shut down करताना आतील गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो, त्यामुळे तुलना फसते. सहा मिनिटांची अडीच झाली आणि प्रतिसादाचा वेळ तीन मिनिटांत १५ मिलिसेकंदांवर उतरला.

या उपायाला मर्यादा आहेत. दहा मिनिटांनंतरही डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर शेजारचा Memory हा रकाना पाहावा. तोही नव्वदच्या वर असेल तर रॅम अपुरी पडून विंडोज डिस्कलाच रॅमसारखे वापरत आहे. ब्राउझरचे टॅब कमी करावेत किंवा रॅम वाढवावी. मेमरी निवांत आहे, वेग जवळजवळ शून्य आहे आणि प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंदांत आहे, असे दिसले तर डिस्क निकामी होत असण्याची शक्यता धरून आधी फायलींची प्रत काढावी. पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञा डिस्कचा प्रकार आणि प्रकृती दाखवते, तरी Healthy हा शब्द म्हणजे हमी नव्हे:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, MediaType, HealthStatus
```

बहिणीच्या लॅपटॉपवर HDD आणि Healthy असे आले. दोन महिन्यांनी तिने त्या जागी एसएसडी बसवून घेतली. त्यात फिरणारे काहीच नसते, विखुरलेला तुकडाही साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. आता लॅपटॉप सुरू होताना Disk चा आकडा काही सेकंद वर चढतो आणि ती पासवर्ड टाकून खुर्ची सरकवेपर्यंत खाली आलेला असतो. पेनड्राइव्हवरचे फोटोही तिने परत आणून ठेवले आहेत.