नेटबॉल: खेळाडूंच्या जागा आणि सेंटर पास

नेटबॉलमध्ये संघाचे सात खेळाडू कोर्टवर असतात. प्रत्येकाच्या बिबवर जागेची अक्षरे असतात आणि कोर्टच्या कोणत्या भागात पाय टाकता येईल हे त्या अक्षरांवरूनच ठरते. कोर्ट ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद असते. दोन आडव्या रेषांनी त्याचे तीन सारखे भाग पडतात, त्यांना थर्ड म्हणतात: दोन टोकांना गोल थर्ड, मध्ये सेंटर थर्ड. गोलच्या खांबासमोर ४.९ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ असते. हेच गोल सर्कल, आणि गोल करायचा तर त्याच्या आतूनच.

आपण ज्या बाजूला गोल करतो तिथून सुरुवात केली की जागा सहज लक्षात राहतात. गोल शूटर त्या टोकाच्या गोल थर्डमध्येच खेळतो आणि सर्कलमध्ये जाऊ शकतो. गोल अटॅकला तेवढे सगळे आणि शिवाय सेंटर थर्ड मोकळा असतो. विंग अटॅकलाही हेच दोन थर्ड, पण सर्कल बंद. बचावाच्या बाजूला हीच रचना उलटी दिसते: गोल कीपर, गोल डिफेन्स आणि विंग डिफेन्स. सेंटर तिन्ही थर्डमध्ये फिरतो, मात्र दोन्ही सर्कल त्याला वर्ज्य. म्हणजे गोल फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक हे दोघेच करू शकतात.

हद्दीबाहेर पाय टेकला की ऑफसाइड, मग चेंडू हातात असो वा नसो. प्रतिस्पर्ध्याला तिथेच फ्री पास मिळतो. नियम जमिनीला लागणाऱ्या पायाचा आहे. त्यामुळे विंग अटॅक सर्कलच्या कडेला उभा राहून आतल्या हवेतला चेंडू वाकून घेऊ शकतो. तोल जाऊन पाऊल आत पडले तरच चूक होते. चेंडूलाही बंधन आहे: एखादा पूर्ण थर्ड कुणाचाही स्पर्श न होता ओलांडता येत नाही. म्हणून कीपरने थेट शूटरकडे फेक करणे चालत नाही.

खेळ सुरू करताना, प्रत्येक क्वार्टरच्या आरंभी आणि प्रत्येक गोलनंतर सेंटर पास होतो. सेंटर ०.९ मीटर व्यासाच्या मधल्या वर्तुळात चेंडू घेऊन उभा राहतो. समोरचा सेंटर सेंटर थर्डमध्ये कुठेही हलू शकतो, बाकी सगळे रेषांच्या मागे, आपापल्या गोल थर्डमध्ये. शिट्टी वाजली की तीन सेकंदांत चेंडू हातातून सुटला पाहिजे. पास घ्यायला चौघे धावून येऊ शकतात: पुढून विंग अटॅक आणि गोल अटॅक, मागून विंग डिफेन्स आणि गोल डिफेन्स. मधल्या वर्तुळापासून रेषा जेमतेम पाच मीटरवर असल्याने सारे काही पहिल्या दोन-तीन पावलांत ठरते.

चुकाही इथेच होतात. विंग अटॅक शिट्टीच्या आधी रेषा ओलांडतो आणि फ्री पास समोरच्याला जातो. दुसरी चूक उशिरा कळते. विंग अटॅक सुटण्यासाठी बाजूच्या रेषेकडे पळतो, मागे सरकत उडी मारून चेंडू झेलतो आणि पहिले पाऊल गोल थर्डमध्ये टेकते. झेल स्वच्छ असला तरी पास सेंटर थर्डमध्ये घेतला गेला नाही, म्हणून फ्री पास प्रतिस्पर्ध्याला. पहिले पाऊल पूर्णपणे सेंटर थर्डमध्ये टेकून दुसरे पलीकडे पडले असते तर पास वैध होता. पंच पाय पाहतात, त्यामुळे सराव चेंडूकडे पुढे येत झेलण्याचाच करावा. सेंटरलाही पावलांचा नियम आहेच: दोन्ही पाय टेकवून उभा असताना एक पाय पुढे टाकला, तर दुसरा उचलता येतो, पण चेंडू सुटेपर्यंत परत टेकवता येत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांत सेंटर पास आळीपाळीने मिळतो, गोल कुणीही केला तरी. समजा ९–९ अशी बरोबरी आहे आणि पाळी लाल संघाची आहे. लालने गोल केला, मग निळ्याने आपल्या पासवर केला, की १०–१० होते. पण लालने पास गमावला आणि निळ्याने त्यावर गोल केला, तर पुढची पाळीही निळ्याचीच. तोही गोल झाला की फलक ९–११. एका चुकलेल्या पावलाने दोन गोलचे अंतर पडते आणि ते भरून काढायला लालला निळ्याचा एक सेंटर पास हिसकावावाच लागतो. नुसते आपल्या पाळीचे गोल करत राहून बरोबरी होत नाही.