परकी चलनातील कर्जाचा हेजिंग खर्च

परकी चलनात घेतलेल्या कर्जाची परतफेड देशी चलनात किती पडेल, हे आधीच पक्के करून घेण्यासाठी कर्जदाराला सोसावा लागणारा खर्च. कर्जदार बँकेशी फॉरवर्ड करार करतो आणि परतफेडीच्या तारखेला लागणारे परकी चलन आज ठरलेल्या दराने विकत घेण्याचे बांधून घेतो. हा फॉरवर्ड दर हजर दरापेक्षा, म्हणजे आज लगेच व्यवहार केल्यास लागणाऱ्या दरापेक्षा, जेवढा महाग असतो, त्या फरकाला फॉरवर्ड प्रीमियम म्हणतात. परकी कर्जाच्या व्याजात जी बचत दिसते, ती बहुतेक वेळा या प्रीमियममध्येच जिरते.

समजा एक डॉलर देशी चलनाच्या ८० एककांना मिळतो, डॉलरवरचा व्याजदर ५ टक्के आणि देशी चलनावरचा ९ टक्के आहे. कर्जदार वर्षभरासाठी १० लाख डॉलर घेतो व त्यांचे ८ कोटी एकक करतो. वर्षअखेरीस त्याला व्याजासह १०.५० लाख डॉलर फेडायचे आहेत. फॉरवर्ड दर काढताना हजर दराला १.०९ ने गुणून १.०५ ने भागतात. उत्तर सुमारे ८३.०५ येते. या दराने १०.५० लाख डॉलर घ्यायला ८ कोटी ७२ लाख एकक लागतात. म्हणजे खर्च बरोबर ९ टक्के, देशी कर्जाइतकाच.

या उदाहरणात प्रीमियम ३.८१ टक्के आहे. तो ५ टक्के व्याजात नुसता मिळवला, तर बेरीज ८.८१ भरते आणि थोडी बचत उरल्याचा भास होतो. ही चूक नेहमीची आहे. डॉलरमधले व्याजही महाग दरानेच विकत घ्यावे लागते, हे या बेरजेत सुटते, राहिलेले ०.१९ टक्के तिथे जातात. केवळ मुद्दलाचे हेजिंग केले, तर व्याजाचे ५० हजार डॉलर उघडेच राहतात.

प्रत्यक्षात खर्च ९ टक्क्यांच्याही वर जातो, कारण बँकेचा खरेदीदर आणि विक्रीदर वेगळे असतात. मिळालेले डॉलर ७९.९६ ने विकले गेले आणि फॉरवर्ड ८३.१२ ने पडला, तर हातात ७ कोटी ९९.६० लाख येतात व ८ कोटी ७२.७६ लाख द्यावे लागतात, खर्च ९.१५ टक्के होतो. कर्जाची प्रक्रिया फी आणि सावकाराच्या वाट्याचा कर कर्जदारावर येत असेल तर तो, हे आणखी वेगळे.

हा मेळ योगायोगाने बसत नाही. प्रीमियम व्याजफरकापेक्षा कमी असता, तर कोणीही डॉलर उसने घेऊन देशी चलनात गुंतवले असते, परतीचा दर फॉरवर्डने बांधला असता आणि जोखमीशिवाय नफा काढला असता. अशा व्यवहारांच्या रेट्यानेच दर जागेवर येतात. या नियमाला संरक्षित व्याजसमता म्हणतात. त्याची सुस्पष्ट मांडणी जॉन मेनार्ड केन्स यांनी १९२२–२३ मध्ये केली. वॉल्थर लोट्झ या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८८९ च्या सुमारास व्हिएन्नाच्या वायदेबाजाराच्या संदर्भात हा संबंध टिपला होता, असेही सांगतात. निरीक्षण जुने आणि सिद्धांत केन्स यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दरसाल सुमारे अर्धा टक्का नफा दिसल्याशिवाय असा व्यवहार करायला पैसा हलत नाही, हेही केन्स यांनी नोंदले होते. २००८ च्या अरिष्टानंतर प्रमुख चलनांतही ही समता काटेकोर राहिलेली नाही. मात्र दिसणारी तफावत सामान्य कर्जदाराच्या बाजूचीच असेल असे नाही.

समता बाजारातील मूळ व्याजदरांना लागू पडते, कर्जदाराच्या पतीनुसार त्यावर चढणाऱ्या जादा टक्क्यांना नाही. देशी बँक मूळ दरावर ३ टक्के आणि परदेशी बँक १.५ टक्के लावत असेल, तर तेवढ्यापुरती बचत खरी असते.

पाच वर्षांच्या कर्जाला एकेक वर्षाचा फॉरवर्ड लावून दरवर्षी नूतनीकरण करण्याची पद्धतही दिसते. तिच्यात पुढच्या वर्षांचा प्रीमियम अज्ञात राहतो, शिवाय रोखीची अडचण येते. वरील उदाहरणात वर्षअखेर डॉलर ७५ वर उतरला, तर ८३.१२ च्या करारावर दरातील फरकापोटी मुद्दलापुरतेच ८१.२० लाख रोख भरावे लागतात. कर्जाचा बोजा हलका होतो तो मात्र कागदावर. मुद्दल अजून फेडायचेच असते. मुदतभर चालणारा चलन स्वॅप, म्हणजे मुद्दल व व्याजाची दोन चलनांतली अदलाबदल सुरुवातीलाच ठरवून टाकणारा करार, ही अडचण टाळतो.

प्रीमियम म्हणजे भावी दराचे भाकीत नव्हे. कमी व्याजाचे चलन प्रीमियमइतके वधारतेच असे नाही, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच हेजिंग न करणाऱ्याला काही वर्षे कर्ज स्वस्त पडते. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा सोडली, तेव्हा फ्रँक एकाच दिवसात झपाट्याने वधारला आणि पोलंडमधील फ्रँकच्या गृहकर्जदारांची देणी झ्लॉटीत त्याच प्रमाणात फुगली.