लायब्निझला न दिसलेले अवयव: लॉगरिदम आणि tan⁻¹ यांच्या वाटणीमागचा इतिहास

छेदात वास्तव अवयव न पडणारी वर्ग बहुपदी आणि अंशात px+q असेल, तर संकलनाची रीत ठरलेली असते. अंशातून छेदाच्या विकलजाची जितकी पट निघेल तितकी काढायची. तिचे संकलन लॉगरिदम होते. मग अंशात नुसती स्थिर संख्या उरते. छेद पूर्ण वर्गाच्या रूपात मांडला की तिच्यातून tan⁻¹ मिळते. आज हे दोन ओळींचे काम वाटते, पण या दोन फलांवर सगळे भागते का, हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा खरा वादाचा प्रश्न होता.

त्या काळची भाषा क्षेत्रफळाची होती. लॉगरिदम म्हणजे अपास्ताखालचे क्षेत्रफळ आणि tan⁻¹ म्हणजे वर्तुळाचा कंस. 1702 मध्ये लायब्निझ आणि योहान बर्नुली या दोघांनीही आंशिक अपूर्णांकांची रीत प्रसिद्ध केली. कोणत्याही परिमेय फलाचे संकलन या दोन क्षेत्रफळांवर आणता येईल का, असे लायब्निझने विचारले आणि स्वतःच नकारार्थी उत्तर दिले. त्याचे उदाहरण होते 1/(x⁴+a⁴).

त्याची चूक समजून घेण्यासारखी आहे. त्याने x⁴+a⁴ चे (x²+a²√−1)(x²−a²√−1) असे अवयव पाडले आणि त्यांचे पुन्हा रेषीय अवयव केले. हे चारही अवयव काल्पनिक. त्यांतले कोणतेही दोन गुणून वास्तव वर्ग बहुपदी मिळणार नाही, असे त्याने मानले. म्हणून x⁴+a⁴, x⁸+a⁸ यांच्यासाठी नवी स्वतंत्र क्षेत्रफळे लागतील, असा त्याचा निष्कर्ष. प्रत्यक्षात जोड्या बदलल्या की काम होते. a=1 घेऊन 2x² मिळवा आणि वजा करा:

x⁴+1 = (x²+1)² − 2x² = (x²+√2x+1)(x²−√2x+1)

आता आंशिक अपूर्णांक:

1/(x⁴+1) = (1/2√2) [ (x+√2)/(x²+√2x+1) − (x−√2)/(x²−√2x+1) ]

पहिल्या पदाच्या छेदाचा विकलज 2x+√2 आहे. म्हणून x+√2 = ½(2x+√2) + √2/2 असे लिहायचे. पहिल्या तुकड्यातून ½ ln(x²+√2x+1) येते. दुसऱ्यासाठी छेद (x+1/√2)²+½ असा मांडला की tan⁻¹(√2x+1) मिळते. दुसरे पद त्याच वाटेने जाते. एकूण संकलन:

(1/4√2) ln[(x²+√2x+1)/(x²−√2x+1)] + (1/2√2)[tan⁻¹(√2x+1) + tan⁻¹(√2x−1)]

लायब्निझला ज्यासाठी नवे फल हवे होते, ते याच दोन जुन्या फलांत बसले.

इथे एक सापळा आहे. पुष्कळ जण दोन tan⁻¹ एकत्र करून tan⁻¹[√2x/(1−x²)] लिहितात. हे x=1 च्या अलीकडे बरोबर, पण तिथे फल उडी मारते. 0 पासून 2 पर्यंत संकलन केले तर या रूपातून सुमारे −0.041 येते. संकल्य सर्वत्र धन असताना उत्तर ऋण आले, हीच चुकीची खूण. उडीचे π/(2√2) मिळवले की खरे उत्तर, सुमारे 1.070, हाती येते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती एक आधीची गोष्ट. 1676 मध्ये न्यूटनने लायब्निझसाठी धाडलेल्या पत्रात एक श्रेणी होती:

1 + 1/3 − 1/5 − 1/7 + 1/9 + 1/11 − … = π/(2√2)

ही श्रेणी म्हणजे (1+x²)/(1+x⁴) चे 0 ते 1 संकलन. अंशात 1+x² असल्यामुळे दोन्ही अपूर्णांकांचा अंश नुसता ½ होतो, लॉगरिदमचा भाग उरतच नाही आणि उत्तरात फक्त वर्तुळ राहते. म्हणजे x⁴+1 चे वर्तुळाशी असलेले नाते लायब्निझच्या लेखाआधी पाव शतक त्याच्यापर्यंत पोहोचले होते.

रॉजर कोट्सने xⁿ±aⁿ चे वास्तव अवयव पाडण्याचा सर्वसाधारण मार्ग शोधला. तो त्याच्या मृत्यूनंतर, 1722 मध्ये छापला गेला. पण इतर बहुपदींचे काय? 1742 मध्ये निकोलाउस बर्नुलीने ऑयलरपुढे x⁴−4x³+2x²+4x+4 ठेवली आणि हिचे वास्तव अवयव पडत नाहीत, असे सांगितले. ऑयलरने ते पाडून दाखवले. x=y+1 ठेवा, ती y⁴−4y²+7 होते, आणि पुन्हा तीच युक्ती चालते:

(y²+√7)² − (4+2√7)y²

प्रत्येक वास्तव बहुपदीचे रेषीय आणि वर्ग अवयव पडतातच, ही सिद्धता गाउसने 1799 च्या प्रबंधात दिली, जरी तिच्यातली एक फट पुढे भरावी लागली. त्यानंतर कोणत्याही परिमेय फलाच्या संकलनात बहुपदी व परिमेय पदांखेरीज लॉगरिदम आणि tan⁻¹ एवढेच येते, हे पक्के झाले. अवयव हाताने शोधून काढणे मात्र पाचव्या आणि वरच्या घाताच्या छेदांसाठी बहुधा जमत नाही. तिथे मुळांच्या अंदाजे किमती घेऊनच पुढे जावे लागते.