बांबूच्या खुर्चीखालचं पीठ

खुर्चीखाली मैद्यासारखं पिवळसर पीठ सांडलेलं दिसलं की बरेच जण वार्निशचा डबा आणतात. ते पीठ म्हणजे भुंग्याने पोखरलेल्या बांबूचा भुसा. वार्निश वरून बसतं, अळ्या मात्र आत असतात.

भुंगा येतो तो बांबूतल्या स्टार्चसाठी. पावसाळ्यात कोंब या साठ्यावरच वाढतात, त्यामुळे पाऊस सरल्यावर, हिवाळ्यात, साठा कमी असतो आणि उन्हाळ्यात पुन्हा भरतो. म्हणून तीन-चार वर्षांचा मानवेल जातीचा बांबू हिवाळ्यात तोडावा. अमावस्येला तोडला तर भुंगा लागत नाही, असं सांगणारे भेटतात. तिथीपेक्षा ताज्या कापावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकून बघावेत. डाग काळानिळा पडला, तर भुंग्याचं जेवण तयार आहे.

औषध आत का जात नाही, हे इथे कळायला हवं. झाडाच्या लाकडात आडव्या पेशींच्या वाटा असतात, बांबूत त्या नसतात. त्याच्या नळ्या फक्त उभ्या, आणि बाहेरची साल मेणचट व सिलिकायुक्त. ब्रशने लावलेलं औषध सालीवरच वाळतं. आत शिरायला दोनच वाटा, कापलेली टोकं आणि आतली पोकळी. त्यातही बांबू ओला हवा, कारण औषध त्याच्याच पाण्यातून हळूहळू पसरतं.

म्हणून तोडल्यावर आठवड्याच्या आत टोकदार सळईने सगळ्या गाठींचे पडदे फोडायचे. भरीव मानवेलाला प्रत्येक कांड्यात बारीक भोक पाडायचं. मग प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात ९५ लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून ओतायचं. दोन्ही एकत्र असले की एकेकट्यापेक्षा जास्त विरघळतात. बांबू दगडांनी दाबून आठ-दहा दिवस बुडवायचे. वर तरंगणारा भाग कोराच राहतो आणि पुढे तिथेच भोकं पडतात. नंतर सावलीत उभे ठेवून वाळवायचे. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवले तर तडकतात. सूप-टोपल्यांना हे औषध नको, त्यात धान्य असतं. त्यांचे बांबू दोन-तीन महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, स्टार्च निघून जातो.

बोरॅक्सचा उपाय घरातल्या फर्निचरसाठी उत्तम, परांचीसाठी नाही. बोरॅक्स पाण्यात विरघळतं, म्हणून पावसात धुऊन जातं. परांचीच्या बांबूत बघायची ती जाड भिंत, सरळपणा आणि वाळलेपणा. ओला बांबू बांधला तर तो वाळताना आक्रसतो आणि दोरी सैल पडते. कापलेल्या टोकाला भोकं किंवा उभी चीर दिसली, ठोकल्यावर भुसा पडला, तर तो बांबू परांचीत नको, कुंपणाला वापरावा.